मोकळा पैसा

भाईजान भिलाईला गेले, त्या वर्षी आमच्या कापसाच्या जिनाला सगळ्यात चांगला हंगाम लाभला होता. ही गोष्ट मी कुणाला सांगितली की समोरचा माणूस हमखास विचारतो, हंगाम चांगला होता तर घरातला कर्ता मुलगा पोट भरायला बाहेर कशाला गेला? तेव्हा मलाही ते कळायला वेळ लागला होता.

वणीहून मारेगावकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमची टिनाची शेड होती. आत सरकी काढायच्या सहा चरख्या, एक जुनं ऑइल इंजिन आणि त्या दोघांना जोडणारा छताखालून फिरणारा लांब दांडा. अब्बा आधी एका मोठ्या शेठच्या जिनिंगमध्ये फिटर होते. शेठने नवी यंत्रं आणली तेव्हा जुन्या चरख्या भंगारात जायला निघाल्या. अब्बांनी अम्मीची चांदीची कडी विकून त्या घेतल्या, एकेक खोलून साफ केल्या, आणि स्वतःचं जिन उभं केलं. आम्ही कापूस विकत घेत नव्हतो. शेतकऱ्यांचा, अडत्यांचा कापूस यायचा, आम्ही त्यातली सरकी वेगळी करून द्यायचो आणि मणामागे मजुरी घ्यायचो. दिवाळीनंतर चरख्या सुरू व्हायच्या आणि होळीपर्यंत चालायच्या. बाकीचे महिने शेड बंद, म्हणजे चार महिन्यांच्या कमाईत वर्ष काढायचं.

घरात आम्ही तीन भावंडं. भाईजान मोठे, मग धाकटा भाऊ, आणि सगळ्यात लहान मी. भाईजानचं लग्न झालेलं, भाभी वणीची. अब्बांच्या हातातली कारागिरी भाईजानच्या हातात जशीच्या तशी उतरली होती. इंजिनाचं डोकं सकाळी दिव्याने तापवावं लागे, तेव्हा कुठे ते सुरू होई. ते तापेपर्यंत भाईजान शेजारी उकिडवे बसून शीळ घालत. शीळ ऐकली की अम्मी तवा चुलीवर ठेवायची. मला सायकल त्यांनीच शिकवली, तीही शेडमागच्या मोकळ्या जागेत, कुणाला दिसू नये म्हणून रुईच्या गाठोड्यांच्या आडोशाला. मी पडले की ते आधी सायकल उचलत, वाकलेलं चाक बघत, आणि मग म्हणत, "तुले काई झालं नाई, हिलेच लागलं." मी रडता रडता हसायची.

मी मराठी सातवी झाले होते. मला पुढं यवतमाळला जाऊन मास्तरीण व्हायचं होतं. गावात पोष्टमास्तरांची बहीण शिक्षिका होती. ती पांढरं लुगडं नेसून, छत्री घेऊन शाळेत जायची, आणि मी तिला जाताना बघत राहायची. एका सकाळी, चरख्या पूर्ण जोरात असताना, मी अब्बांना विचारलं. दाराबाहेर कापसाच्या बैलगाड्या थेट नाल्यापर्यंत उभ्या होत्या. मला वाटलं, मागायचं तर आत्ताच.

अब्बा शेडच्या दाराशी बसून कातडी रुळाला चरे पाडत होते. चरखीचा हा रूळ कातड्याच्या चकत्यांचा असतो, कापूस त्याला चिकटून आत ओढला जातो. तो झिजत जातो, आणि झिजला की बदलावा लागतो.

"अब्बा, यंदा खूप नफा झाला ना?"

"झाला."

"मंग मले यवतमाळले पाठवता का?"

अब्बांनी काम थांबवलं. ते रागावले नाहीत. बाजूच्या ढिगातली मूठभर सरकी त्यांनी पोत्यावर पसरली.

"हे पाहाय बेटी. हे मजुरीचं आलेलं सारं." त्यातली अर्ध्याहून जास्त सरकी त्यांनी बाजूला सारली. "हे तेलाचं, बायांच्या रोजीचं, कातड्याचं, पट्ट्याचं, कराचं. हे दिलं नाई तं उद्या शेड उघडत नाई. आता राह्यला तो नफा. लोक यालेच पैसा समजतात."

"मंग तो पैसा नाई का?"

"सारा नाई." त्यांनी आणखी थोडी सरकी सारली. "हा अडत्याकडं हाये. त्याचा कापूस आपण काढून देल्ला, हिशोबात नफा लागला, पण पैसे तो उन्हाळ्यात देईन. आन् हे..." त्यांनी आणखी एक मूठ उचलली आणि ती शेडच्या दिशेने धरली. "हे याचं. चरखी झिजते, इंजिन म्हातारं होते. जे झिजलं ते भरून द्याव लागते. याच्यातून जे उरंल, तो मोकळा पैसा. तेवढाच आपला. घर त्याच्यावर चालते, लग्न त्याच्यावर होते, आन् तुही शाळाई त्याच्यावरच होईन."

पोत्यावर फारच थोडी सरकी उरली होती. मी ती बघत उभी राहिले. आतून शीळ ऐकू आली आणि भाईजानचा आवाज, "अब्बा, चार नंबर गरम होऊन राह्यली!" अब्बा उठले, आणि आमचं बोलणं तिथंच संपलं.

हंगाम जसा वर चढत गेला, तसे घरातले सगळे आनंदात होते. भाभीला दिवस गेले होते. ती एका वेगळ्या खोलीचं स्वप्न बघत होती, शेडच्या अंगाला लागून, एक खिडकी असलेली. धाकट्याच्या लग्नाची बोलणी सुरू झाली होती. नातेवाईक येत आणि बाहेरच्या गाड्यांची रांग बघून म्हणत, आता काय, तुमचे दिवस पालटले. अम्मी त्यांना चहा करून द्यायची आणि मनातल्या मनात घाबरायची, नजर लागेल म्हणून.

फाल्गुनात इंजिन एकदा मध्येच थांबलं. भाईजानांनी ते खोललं. दिवसभर ते त्यात हात घालून बसले होते. संध्याकाळी बाहेर आले तेव्हा त्यांच्या ओठांवर शीळ नव्हती. इंजिन पुन्हा चालू झालं होतं, हंगामाचे उरलेले दिवस त्याने काढलेही. पण शेवटची गाडी रिकामी होऊन गेली त्या दुपारी अब्बांनी सगळ्यांना शेडसमोरच्या निंबाखाली बसवलं. अम्मी आणि भाभी जरा मागं बसल्या. मी अब्बांच्या शेजारी, कारण आकडेमोड मी पटकन करायची.

अब्बांनी सांगितलं, तेल, रोजी, कातडं, पट्टा, कर सगळं जाऊन यंदा चार हजारांचा नफा आहे. आजवर एवढा कधीच झाला नव्हता. धाकटा खुशीत मांडी बदलून बसला.

"त्यातले नऊशे अडत्याइकडं अडकले," अब्बा म्हणाले. "कापूस जास्त आला, तशी उधारीबी जास्त झाली. हातात एकतीसशे." मग ते भाईजानकडे वळले. "आता तू सांग. इंजिनाचं काय?"

भाईजान जमिनीकडे बघत होते. "क्रँकले चीर गेली. केसाएवढी हाये, पण गेली. सिलिंडरबी झिजला, तेल पेऊन राह्यला लय."

"नागपूरले नेऊन सांधून आणला तं?"

"सांधता येते. तीनशे लागतीन."

"आन् नवं?"

"हे जुनं देऊन, वरून बावीसशे."

मी मनात आकडे मांडले. सगळ्यांनीच मांडले असणार. सांधलं तर अठ्ठावीसशे उरत होते. त्यात दोन संसार चालत होते, खोली होत होती, धाकट्याचं लग्न होत होतं. नवं घेतलं तर नऊशे. नऊशेत एक घर वर्षभर काटकसरीने चाललं असतं, तेही जेमतेम.

अब्बा म्हणाले, "सांधून एक हंगाम निघंल का?"

मला आजही वाटतं, त्या प्रश्नात अब्बांनी वाट मोकळी करून दिली होती. भाईजानांनी नुसतं हो म्हटलं असतं तर पुरे होतं. इंजिनाचं त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळत नव्हतं, अब्बांनाही आता नाही, कारण अब्बांची नजर कमी झाली होती.

मागे भाभीच्या बांगड्या वाजल्या.

"निघंलबी," भाईजान म्हणाले. "पण मधातच बसलं तं? नाल्यापर्यंत गाड्या उभ्या, आन् इंजिन फुटलेलं. लोक दुसऱ्या जिनात जातीन, ते वापस येत नाईत. मंग दोन घरं सोडा, एकबी चालणार नाई. अब्बा, नवं घ्या."

"नवं घेतलं तं..." अब्बा थांबले.

"मले माहीत हाये. दोन घरं नाई चालत. भिलाईले पोलादाचा कारखाना होऊन राह्यला. फिटर पायजेत त्याइले. वणीचे दोघं गेले. मी जातो."

अब्बा म्हणाले, "तुले जायला मी सांगतलं काय? इंजिन सांधू. पुढचं पुढं पाहू."

"सांधलं आन् ते अठ्ठावीसशे खाल्ले, तं आपण इंजिनच खाल्लं अब्बा. तुमीच सांगता ना."

अब्बांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिची घडी घालत बसले. भाभी उठून आत गेली. चुलीवर काहीच नव्हतं, तरी ती चुलीपाशी जाऊन बसली होती.

नवं इंजिन आलं ते बैलगाडीवरून, पोत्यांत गुंडाळलेलं. भाईजानांनी ते स्वतः बसवलं. पाया खणला, त्यात बोल्ट रोवून घेतले, दांडा सरळ आहे की नाही ते दोरी धरून पाहिलं. या इंजिनाला दिव्याने तापवायची गरज नव्हती. हँडल फिरवलं की ते सुरू व्हायचं. धाकट्याला त्यांनी सगळं शिकवलं, तेल कुठं घालायचं, आवाज कधी बदलतो, काय ऐकू आलं की लगेच बंद करायचं. शिकवताना ते धाकट्याचा हात इंजिनाच्या अंगावर ठेवत आणि विचारत, "समजलं?" धाकटा मान हलवायचा. एकदा मी पण हात ठेवला. त्यांनी मलाही विचारलं, "समजलं?" मी म्हटलं, "हो." समजलं काहीच नव्हतं, फक्त ते जाणार एवढंच कळत होतं.

ते गेले ते वणीच्या स्टेशनवरून. तिथून माजरी, मग वर्धा, नागपूर, आणि पुढं दुर्ग. भाभीला बाळंतपणासाठी माहेरी ठेवलं होतं, ती स्टेशनवर आली. पोट सांभाळत उभी होती. भाईजानांकडे एक टिनाची पेटी आणि पान्यांची पिशवी होती. अब्बा म्हणाले, "पाने कायले नेतं? तिथं कंपनी देते."

"मह्या हाताले हेच बसते," भाईजान म्हणाले.

गाडी हलली. ते दारात उभे होते. मी त्यांच्या बाजूने थोडं चालले, आणि मला बोलायला दुसरं काही सुचलं नाही म्हणून विचारलं, "भाईजान, याल ना?"

"काहून नाई? दोन घराचा पैसा मोकळा झाला की कळव. येतो."

ते हसले होते, पण मी ते वाक्य मनात धरून ठेवलं.

पुढच्या हंगामात शेडमध्ये सगळं होतं आणि काहीच नव्हतं. इंजिन सुरेख चालायचं, त्याचा आवाज एकसारखा, घोगरा नाही, खोकणं नाही. सकाळी तापवायचं काम नसल्यामुळे शीळही नव्हती. अम्मी तवा ठेवायची वेळ चुकवायची. कधी लवकर ठेवायची, कधी विसरायची. भाभी मुलगा झाल्यावर काही महिने आमच्याकडे राहिली आणि मग भाईजानांना क्वार्टर मिळाल्यावर तिकडे गेली. बाळाला मी पाळण्यात झोके द्यायची, मायलेक भिलाईला गेल्यावर रिकामा पाळणा अम्मीने उतरवायला लावला. धाकट्याचं लग्न पुढं ढकललं गेलं. माझ्या यवतमाळचं कुणी नाव काढलं नाही, मीही नाही.

त्या वर्षी कापूस कमी आला. नफा साडेतीन हजारांवरच राहिला. अब्बा हिशोब करायला बसले तेव्हा मी मुळी आशाच सोडली होती. पण अडत्यांकडचे मागचे नऊशे आले होते, आणि यंदाची उधारी सहाशेच होती. म्हणजे नफ्यापेक्षा हातात तीनशे जास्तच. इंजिनाला काही लागलं नाही. कातडं आणि पट्टा तर नफा काढतानाच वजा झाले होते. नफा मागच्या वर्षीपेक्षा कमी होता आणि मोकळा पैसा मागच्या वर्षीपेक्षा कितीतरी जास्त. मी अब्बांना विचारलं, "असं कसं?"

"मागच्या साली इंजिन घेतलं, ते यंदा घ्यावं लागलं नाई," अब्बा म्हणाले. "तुया भावानं घेऊन देल्लं म्हून."

घर चालून जे उरलं ते अब्बांनी बाजूला ठेवलं. पुढच्या वर्षी त्यात आणखी पडलं. धाकट्याचं लग्न झालं, साधंच. त्यानंतर दोन वर्षांनी, कापूस बरा आला तेव्हा, मी आणि अम्मी शेडमागच्या मोकळ्या जागेकडे बघत बोललो की खोली कुठं निघेल. अम्मी म्हणाली, खिडकी रस्त्याच्या बाजूला नको, धूळ येते. ती अगदी जागेवर उभी राहून पावलांनी लांबी मापत होती. भाभीला कोणत्या बाजूला चूल आवडेल, पोराला खेळायला जागा राहील का, सगळं तिनं ठरवून टाकलं होतं.

मात्र त्याच पैशावर आणखी एकाचं लक्ष होतं. वणीचा एक अडत्या, ज्याचा सगळ्यात जास्त कापूस आमच्याकडे यायचा, एका दिवशी येऊन बसला. धाकट्याला म्हणाला, अजून सहा चरख्या टाका, मी कापूस आणून देतो, नफा दुप्पट. धाकट्याचे डोळे चमकले. त्याचं चुकत नव्हतं. तो इंजिनाशी चार वर्षं एकटा झुंजला होता, त्यालाही काहीतरी मोठं करावंसं वाटत होतं.

"अब्बा, नफा दुप्पट होईन," तो म्हणाला.

"होईन," अब्बा म्हणाले. "पण बाजूचा सारा पैसा चरख्यात जाईन. शेड वाढवाव लागंन. उधारीबी दुप्पट होईन, सारी त्याच्याकडंच. तीन-चार साल हातात काई येणार नाई."

"मंग येईन ना."

"येईनबी. पण तुया भावाले मंग कवा बोलवू?"

धाकट्याचा भावावर जीव होता. तो म्हणाला, "आधी त्याइले विचारा."

म्हणून आम्ही भाईजानांना बोलावलं. पत्र मीच लिहिलं. त्यात आकडे लिहिले नाहीत, एवढंच लिहिलं की तुम्ही स्टेशनवर जे सांगितलं होतं ते झालं आहे, या.

ते ईदला आले, भाभी आणि दोन मुलांना घेऊन. मधल्या काळात त्यांना मुलगी झाली होती, ती आम्हांला कुणालाच ओळखत नव्हती. भाईजान जाड झाले होते, आणि बोलताना मध्येच तिकडची हिंदी यायची. पण घरात पाऊल टाकल्या टाकल्या ते शेडमध्ये गेले. मी पाठोपाठ गेले. हंगाम नव्हता, सगळं बंद होतं. त्यांनी हँडल फिरवलं, इंजिन सुरू केलं, आणि डोळे मिटून त्यावर हात ठेवला. मग शीळ घातली. अम्मी आत होती. ती शीळ ऐकून पिठाने भरलेले हात तसेच घेऊन दारापर्यंत आली आणि तिथंच चौकट धरून उभी राहिली.

त्यांनी लांब रजा घेतली होती. त्या रात्रीच्या जेवणात भाभी मला हळूच म्हणाली, "ये यहीं रहने का मन पक्का करके आये हैं."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून भाईजान शेडमध्ये होते. चरख्या एकेक करून खोलून त्यांच्या सरकी अडवणाऱ्या सुऱ्या बघितल्या. शिडी लावून छतावर चढले, खिळ्यांच्या भोकांत बोट घालून पाहिलं. लाकडी तुळयांवर पाना ठोकून आवाज ऐकला. दांडा ज्या खांबांवर बसला होता त्या खांबांच्या मुळाशी माती उकरली. मी पाणी घेऊन गेले तेव्हा ते खाली बसले होते आणि हातात तुळईचा एक तुकडा होता. तो त्यांनी दोन बोटांनी चुरला. आतून सगळा वाळवीने खाल्लेला.

"मोकळा पैसा किती हाये?" त्यांनी विचारलं.

मी सांगितला. घर चालून बाजूला पडलेला सगळा. मला त्या आकड्याचा अभिमान होता. चार वर्षं मी तो वाढताना पाहिला होता.

त्यांनी तुळईचा चुरा हातावरून झटकला. पाणी प्यायले.

संध्याकाळी ते अब्बांच्या शेजारी बसले. धाकटा होता, मी होते.

"अब्बा, तुळया गेल्या. दोन पावसाळे काढतीन, जास्त नाई. दांड्याचे दोन खांब बसून राह्यले, ते नवे कराव लागतीन, नाई तं दांडा वाकंल. चरख्याइच्या सुऱ्या झिजल्या. हे सारं केलं तं हे जे तुमी मोकळं समजून राह्यले, त्यातलं अर्धं मोकळं नाई. ते शेडचं हाये. शेडनं अजून घेतलं नाई एवढंच."

अब्बा म्हणाले, "अर्धं तं राह्यलं. तुह्यासाठी खोली होते."

"खोली होईन. पण चूल दरसाल पेटंल. धाकट्याचं घर, महं घर. दरसालचं जे उरते ते दोघाइले पुरंल, नाई म्हणत नाई. पण मंग बाजूले काई पडणार नाई. आन् हे इंजिन दहा साल काढंल, पुढं? तवा पुन्ना कोणाले तरी भिलाईले जा लागंन." ते धाकट्याकडे बघून हसले. "तवा याले पाठवा लागंन. याले पोटापाण्याचं जमणार नाई तिथं, हा पहाटे उठत नाई."

धाकटाही हसला, आणि त्याने तोंड फिरवलं.

"तू तं राहाले आलता," अब्बा म्हणाले. "तुयी बायको सांगे आतमधी."

"आलतो," भाईजान म्हणाले. "खरं हाये. चार साल तिथं कामावर भोंगा वाजला की मले वाटे, आता चरख्या सुरू होतीन. मले यायचंच होतं अब्बा. पण हे पाहून कसं येऊ?"

अब्बांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. तो बराच वेळ तसाच होता. त्याआधी किंवा त्यानंतर मी अब्बांना कुणा मुलाच्या अंगाला असा हात लावताना पाहिलं नाही.

मग भाईजान धाकट्याला म्हणाले, "सहा चरख्या टाकू नको. त्या अडत्याच्या एकट्याच्या भरवशावर तं नाईच. आधी शेड पक्की कर. मंग जे उरंल त्याच्यात दोन चरख्या टाक. त्या दोघीचे पैसे वापस आले की आणखी दोन." धाकट्याने मान डोलावली. आणि मग, माझ्याकडे न बघता, ते अब्बांना म्हणाले, "आन् हिले यवतमाळले पाठवा. खोलीचा पैसा वाचला ना, त्याच्यातून. हिनं कवाचंच मांगतलं होतं."

"लोक काय म्हणतीन? हिचं लग्नाचं वय झालं," अम्मी दारातून म्हणाली.

"शिकून झालं की करा. पळून जात नाई वय."

मला त्या क्षणी आनंद झाला का, हे मी अनेकदा स्वतःला विचारलं आहे. झाला. पण ज्या पैशावर त्यांची खोली उभी राहायची होती त्याच पैशावर मी शिकणार होते, आणि अम्मीने पावलांनी मापलेली जागा तिथंच समोर दिसत होती. मी उठून शेडमागे गेले. भाईजान मला शोधत आले. "रडू नको," म्हणाले. "मास्तरीण होऊन मले पगार सांग. त्याच्यात किती मोकळा राह्यते ते मी सांगतो." त्यांनी रजा संपायच्या आत सगळ्या चरख्यांच्या सुऱ्या घासून दिल्या आणि धाकट्याबरोबर पहिला खांब बदलला. मग गेले.

मी यवतमाळला गेले, प्रशिक्षण झालं, आणि पहिली नोकरी मला मुकुटबनला लागली. माझं लग्न तिथंच, एका शिक्षकाशी झालं. शेडला पक्क्या तुळया लागल्या. धाकट्याने दोन चरख्या टाकल्या, काही वर्षांनी आणखी दोन. अब्बा गेले तेव्हा जिन चालू होतं आणि भाईजानांना पोचायला दोन दिवस लागले. तोवर माती झाली होती. ते सरळ कबरस्तानात गेले, आणि तिथून शेडमध्ये न जाता घरी आले. त्यानंतर त्यांचं येणं कमी होत गेलं. मुलांच्या शाळा, शिफ्ट, रजा. दोघांचाही दोष नव्हता, त्यांचा नाही आणि आमचा नाही.

एकदाच मी भिलाईला गेले, माझ्या मुलाला घेऊन. त्यांचं क्वार्टर एकसारख्या घरांच्या लांब रांगेत होतं. पुढं अंगणात त्यांनी भेंडी लावली होती, वेलीवर दोडके होते. मुलं तिकडच्याच बोलीत भांडत होती आणि मला अर्धंच समजत होतं. भाईजान आपल्या मुलीला म्हणाले, "ही तुही फुफी." मुलगी म्हणाली, "तुही क्या होता है अब्बा?" भाभीला हसू आलं. भाईजानही हसले, आणि मग तिला नीट हिंदीत सांगितलं.

सकाळी ते मला गावाकडच्या सगळ्यांचं विचारत बसले. पोष्टमास्तर, त्यांची बहीण, नाल्यावरचा पूल झाला का, निंब आहे का. मी सांगत गेले. काही लोक वारले होते, तेही सांगितलं. त्यांनी जिनाचं काही विचारलं नाही. मी वाट बघत होते, पण त्यांनी विचारलं नाही. दुपारी कारखान्याचा भोंगा वाजला. बोलता बोलता ते थांबले, भोंगा संपेपर्यंत ऐकत राहिले, मग म्हणाले, "दुसरी पाळी," आणि डबा भरायला भाभीला हाक मारली.

मी निघाले तेव्हा ते दुर्गपर्यंत सोडायला आले. गाडीला वेळ होता. आम्ही बाकावर बसून भजी खाल्ली, गरम होती, माझ्या मुलाचं तोंड भाजलं आणि त्यांनी त्याला फुंकर घालून दिली. गाडी आली. त्यांनी माझी वळकटी वर चढवली, खिडकीपाशी उभे राहिले.

"कधी येता?" मी विचारलं.

"पाहू," ते म्हणाले. "येत्या उन्हाळ्यात नाई जमणार. पुढच्या पाहू."

गाडी निघाली. ते हात हलवत राहिले, आणि माझा मुलगाही हलवत राहिला, ते दिसेनासे झाल्यावरसुद्धा. मी त्याला आत ओढून मांडीवर घेतलं. राजनांदगाव यायच्या आत तो झोपला. मी खिडकीतून बाहेर बघत बसले. शेतं तिकडची होती, भाताची, कुठंही कापूस नव्हता.